आम्ल पाण्यात की पाणी आम्लात? या जोडीचं उत्तर अ की ब?

सुनीता: आम्ल-आम्लारीच्या धड्यावरच्या चाचणीत ही जोडी आली होती.

विधान: संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करताना आम्ल सावकाश पाण्यात ओततात, पाणी आम्लात ओतत नाहीत.
कारण: आम्ल पाण्यात मिसळण्याची क्रिया उष्मादायी आहे.

(अ) दोन्ही बरोबर, कारण हे विधानाचं योग्य स्पष्टीकरण आहे.
(ब) दोन्ही बरोबर, पण कारण हे योग्य स्पष्टीकरण नाही.
(क) विधान बरोबर, कारण चूक.
(ड) विधान चूक, कारण बरोबर.

उत्तरसूचीत अ आहे. मुलीने ब लिहिलं आणि गुण गेला. तिचं म्हणणं, उष्णता तर कसंही ओतलं तरी निघते. मग बरोबर कोण?

विनायक: मुलगी बरोबर आहे, आणि तिने अचूक जागी बोट ठेवलंय. विधान आहे ओतण्याच्या क्रमाबद्दल. दिलेलं कारण दोन्ही क्रमांना सारखंच लागू पडतं, मग त्यातून एकच क्रम का निवडायचा हे कसं कळणार? खरं स्पष्टीकरण पाण्याच्या प्रमाणात आहे. भरपूर पाण्यात थोडं थोडं आम्ल पडलं की निघालेली उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. उलट केलं तर पाण्याचे पहिले काही थेंबच ती सगळी उष्णता झेलतात, जागीच उकळतात आणि वाफेबरोबर आम्ल उडतं. हे कारणात कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून ब.

प्रकाश: साधी गोष्ट आहे हो. पाणी आम्लात ओतलं की जास्त उष्णता निघते, आम्ल पाण्यात ओतलं की कमी. म्हणून उत्तर अ.

विनायक: नाही, प्रकाशराव. तेवढंच आम्ल आणि तेवढंच पाणी घेतलं तर शेवटी द्रावण एकच होतं, आणि एकूण निघणारी उष्णताही तेवढीच. फरक पडतो तो ती कुठे आणि किती वेगाने एकवटते यात.

प्रकाश: बरं, हे मान्य. पण घनतेचं काय? संहत सल्फ्युरिक आम्लाची घनता १.८४, पाण्याची १. पाणी वर तरंगतं आणि तिथेच उकळतं. आम्ल वरून ओतलं तर ते खाली जाता जाता मिसळतं.

विनायक: हा मुद्दा पक्का आहे.

मेधा: मी अशा जोड्या तयार करते, म्हणून दुसरी बाजू मांडते. योग्य स्पष्टीकरण म्हणजे संपूर्ण स्पष्टीकरण नव्हे. माझी कसोटी अशी: कारण खोटं आहे असं क्षणभर धरा आणि विधान टिकतं का पाहा. मिसळताना उष्णता निघालीच नसती, तर हा नियम लागला असता का? नसता. म्हणजे नियमाचं मूळ त्या उष्णतेतच आहे. ब साठी कारण असं हवं की ते खोटं ठरलं तरी विधानाला धक्का लागणार नाही, जसं 'सल्फ्युरिक आम्लाच्या रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात'. म्हणून मी अ च देईन.

विनायक: तुमची कसोटी कारण आवश्यक आहे का एवढंच तपासते, मेधाताई. पुरेसं आहे का, हे नाही. 'कारण की' घालून सलग वाचा: आम्ल पाण्यात ओततात, कारण की मिसळण्याची क्रिया उष्मादायी आहे. लगेच मनात येतं, मग पाणी आम्लात का नको? ज्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पडतो तोच ब लिहितो, आणि गुण नेमका त्याचाच जातो.

राहुल: माझंही असंच झालं. विधान: कोरडा HCl वायू कोरड्या निळ्या लिटमसचा रंग बदलत नाही. कारण: पाण्याशिवाय HCl मधून हायड्रोजन आयन सुटत नाहीत. मी ड लिहिलं, कारण आम्ल निळा लिटमस लाल करतंच ना! मग विधान चूकच.

मेधा: राहुल, 'कोरडा' हा शब्द तुझ्या नजरेतून सुटला. पाणी असलं तर तुझं म्हणणं बरोबर. इथे ते नाही, आणि का नाही हे कारण थेट सांगतं, म्हणून अ. हवा दमट असेल तर मात्र प्रयोगात कागद थोडा लालसर होतो, म्हणून वायू आधी निर्जल कॅल्शिअम क्लोराइडवरून नेतात.

सुनीता: म्हणजे गुण मागायचा की नाही?

विनायक: मागा. मुलीला दोन ओळींत लिहू दे की उष्णता दोन्ही क्रमांत निघते आणि धोका ती थोड्या पाण्यावर एकवटण्यात आहे. हे वाचून शिक्षकांनी ब ला गुण द्यायला हवा.

मेधा: लिहून द्याच, पण अ लिहिणाऱ्यांचा गुण कापू नका. खरं तर जोडीच बदलायला हवी. कारण असं ठेवा: 'पाणी आम्लात ओतल्यास थोड्या पाण्यावर बरीच उष्णता एकवटते आणि ते उकळून आम्ल उडवतं.' मग अ शिवाय पर्याय उरत नाही.

प्रकाश: आणि कारणात घनता दिली तर? 'संहत सल्फ्युरिक आम्ल पाण्यापेक्षा जड असतं.'

मेधा: तेव्हा मी ब देईन. क्रमाचा नियम घनतेवर उभा नाही.

विनायक: मी तिथेही ठामपणे ब म्हणणार नाही. पाणी वरच राहून उकळतं, यात घनतेचा वाटा आहेच. मी अशी जोडी चाचणीत घालणारच नाही.