मदत हवी आहे: टॅलीत नाकारलेला माल ऑर्डरच्या बाकीत परत कसा आणायचा?

नमस्कार मंडळी. आमचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. एका ग्राहकाची १००० ब्रॅकेटची एकच पीओ आहे आणि माल टप्प्याटप्प्याने जातो. टॅली प्राइममध्ये सेल्स ऑर्डर टाकली आहे. प्रत्येक गाडीचं वेगळं बिल करताना आयटमखाली तोच ऑर्डर नंबर निवडतो, त्यामुळे बाकी आपोआप कमी होते. (नंबर निवडला नाही तर बिल होतं, पण बाकी तशीच राहते.)

पहिल्या खेपेत ४०० गेले, दुसऱ्या खेपेत ३५०. टॅलीत बाकी २५०. पण दुसऱ्या खेपेतले २० नग ग्राहकाच्या तपासणीत नाकारले गेले आणि परत आले. त्यांची क्रेडिट नोट केली, जीएसटीही बरोबर कमी झाला. ऑर्डरची बाकी मात्र २५०च दिसते आणि ग्राहकाच्या हिशोबाने २७० द्यायचे आहेत.

मूळ ऑर्डर १०२० केली तर ती पीओशी जुळणार नाही. २० नगांची वेगळी ऑर्डर टाकली तर एका पीओची बाकी दोन ठिकाणी बघावी लागेल. तुम्ही काय करता? शेवटच्या बिलाआधी हे नीट लावायचंय, नाहीतर पीओ बंद करताना त्यांचं परचेस खातं पेमेंट अडवून धरेल.