आधी नुसता बलक की थेट पूर्ण अंडं?

रेवाची आई
मुलगी साडेसहा महिन्यांची आहे, वरचं अन्न नुकतंच सुरू केलंय. गालांवर आणि कोपरांच्या आतल्या बाजूला कोरडे लाल चट्टे येतात, मलम लावलं की बसतात. सासूबाई म्हणतात आधी बलक, पांढरं वर्षानंतर. मैत्रीण म्हणते आताच पूर्ण अंडं दे. काल उकडलेला बलक चमचाभर भरवला तर तोंडाभोवती लाल झालं, वीसेक मिनिटांत गेलं. बाकी काही नाही. ही ॲलर्जी आहे का? पुढे देऊ की थांबू?

कुसुमकाकू
सासूबाईंचं ऐक गं. ॲलर्जी येते ती पांढऱ्यातून, हे डॉक्टरही मान्य करतात. मग ते लांबवण्यात तोटा काय? माझ्या दोन्ही मुलांना वर्षाच्या आत पांढरं दिलं नाही, दोघंही ठणठणीत आहेत. आणि द्यायचंच असेल तर आधी गालाला चोळून बघ, लाल झालं तर नको.

डॉ. मानसी (बालरोग)
काकू, ॲलर्जी पांढऱ्यातून येते हे बरोबर आहे. त्रास देणारी प्रथिनं मुख्यतः पांढऱ्यातच असतात. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा पडतो. लांबवलं की ॲलर्जी टळेल या समजुतीनं पूर्वी आम्हीही थांबायला सांगायचो. मग 2017 मध्ये जपानमधला एक अभ्यास आला. त्यात एक्झिमा, म्हणजे रेवासारखे कोरडे लाल चट्टे, असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची पावडर रोज अगदी चिमूटभर दिली, आणि त्याच वेळी त्वचेचे उपचार नीट चालू ठेवले. वर्षाच्या वयात त्यांच्यातल्या 8 टक्के बाळांना अंड्याची ॲलर्जी होती. ज्यांना अंडं दिलं नव्हतं, त्यांच्यात 38 टक्के. फरक एवढा मोठा होता की अभ्यास ठरल्यापेक्षा आधीच थांबवला.

शिवाय उकडलेल्या अंड्यातून बलक काढला तरी त्याला थोडं पांढरं चिकटलेलं असतंच. म्हणजे रेवानं ते थोडं चाखलेलं आहे.

गालाला चोळून बघू नका. एक्झिमाची त्वचा कशानंही लाल होते, त्यातून काहीच कळत नाही. उगाच एक चांगलं अन्न बाद होतं.

आता कालच्या लालीबद्दल. अन्न लागलं तिथंच, सपाट, थोड्या वेळात गेलेली लाली बहुतेकदा नुसती चुरचुर असते. पुढच्या वेळी भरवण्याआधी तोंडाभोवती व्हॅसलिनचा पातळ थर द्या आणि बघा. थर असूनही फुगीर, खाजरे उठाव आले, किंवा अंडं लागलंच नाही अशा जागी, मानेवर, पोटावर, कानामागे गांधी उठल्या, तर ती वेगळी गोष्ट.

शेखर_बाबा
आमच्या मुलाचं सांगतो. आठव्या महिन्यात पहिल्यांदा अंडं दिलं, काही झालं नाही. दुसऱ्यांदा थोडं जास्त दिलं. दहा मिनिटांत मानेवर गांधी, मग पापण्या सुजल्या, एक उलटी. बायकोनं त्याला खांद्यावर उभं धरलं, मी ॲलर्जीचं सिरप शोधत बसलो. तेवढ्यात तो खोकायला लागला, रडणं घोगरं झालं. दवाखाना जवळ होता म्हणून निभावलं. तिथं मांडीत इंजेक्शन दिलं आणि काही तास ठेवून घेतलं. म्हणून मी तर म्हणेन, चट्टे असतील तर घरी प्रयोग नकोच.

डॉ. मानसी (बालरोग)
शेखरजी, तुमच्या बाळात नुसत्या गांधी असत्या तर अंडं थांबवणं, फोटो काढणं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवणं पुरेसं होतं. पण खोकला आणि घोगरं रडणं आल्यावर ती आणीबाणी होते. छातीतली घरघर, सुजलेली जीभ, बाळ अचानक फिकट पडणं किंवा लुळं होणं, यातलं एकही दिसलं तर थेट रुग्णवाहिका. सिरपनं खाज कमी होते, श्वास आणि रक्तदाब सावरत नाही. ते काम ॲड्रेनलिनचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. आणि बाळाला उभं धरू नका, आडवं ठेवा. उभ्यानं रक्तदाब आणखी घसरू शकतो.

पहिल्यांदा काही झालं नाही म्हणून दुसऱ्यांदाही होणार नाही असं नसतं, म्हणूनच मात्रा हळूहळू वाढवायची.

निशिगंध
आमच्या भाचीला अंड्यानंतर दोनेक तासांनी उलट्या लागायच्या, पुन्हा पुन्हा, शेवटी पांढरीफटक आणि मलूल. अंगावर एक पुरळ नाही. पहिल्यांदा पोट बिघडलं म्हणून सोडून दिलं, दुसऱ्यांदा अगदी तेच झालं. हे कोणी सांगत नाही!

डॉ. मानसी (बालरोग)
बरं झालं लिहिलंत. हाही अंड्याच्या ॲलर्जीचाच एक प्रकार असतो, एक ते चार तासांनी येतो. यात पुरळ नसतं, त्यामुळे तापाशिवायची पोटाची साथ समजून फसायला होतं. काही बाळांना तो बलकानंही होतो. म्हणजे "बलक निर्धोक" हेही पक्कं नाही. बाळ मलूल पडलं तर लगेच रुग्णालयात न्या, शरीरातलं पाणी वेगानं कमी होतं.

सचिन
अंड्याची ॲलर्जी निघाली तर गोवराची लस द्यायची नाही ना?

डॉ. मानसी (बालरोग)
द्यायची, बिनधास्त. पण तो विषय वेगळा आहे.

डॉ. अन्वय (त्वचारोग)
मॅडमशी एका मुद्द्यावर माझं जुळत नाही. चट्टे मलमानं पूर्ण बसत असतील तर घरी चालेल. पण चिघळलेले असतील, रोज स्टेरॉइडचं मलम लागत असेल, तर पहिला घास दवाखान्यात असावा. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात एक्झिमाच्या बाळांना कच्च्या अंड्याची पावडर दिली, तेव्हा जवळपास एकतृतीयांश बाळांना त्रास झाला होता.

डॉ. मानसी (बालरोग)
ते कच्चं होतं, हाच तर मुद्दा! उष्णतेनं पांढऱ्यातलं एक मोठं प्रथिन बरंच मोडतं. सगळी मोडत नाहीत, म्हणून धोका शून्य होत नाही. चिघळलेल्या एक्झिमाबद्दल मात्र तुमचं मान्य.

रेवाची आई
चट्टे मलमानं बसतात, आठवड्यातून एखाद्या वेळी लावते. मग नेमकं कसं देऊ?

डॉ. मानसी (बालरोग)
आधी चट्टे शांत असू द्या. ताप-सर्दी नाही असा दिवस बघा आणि सकाळी द्या, म्हणजे पुढचे दोन तास तिच्यावर नजर राहील. पाणी उकळल्यावर अंडं दहा-बारा मिनिटं ठेवा, बलक ओलसर राहता कामा नये. पांढरं रबरासारखं असतं, घशात अडकू शकतं. म्हणून बलकासकट अगदी बारीक करून अंगावरच्या दुधात सैल कालवा. आधी ओठाच्या आत किंचित लावा, काही मिनिटं थांबा, मग पाव चमचा. त्या दिवशी दुसरा नवा पदार्थ नको. ठीक गेलं तर पुढच्या वेळी अर्धा चमचा, मग वाढवत न्या आणि आठवड्यातून दोनदा तरी चालू ठेवा. पचलं म्हणून महिनाभर सोडून देऊ नका.

कुसुमकाकू
मला अजूनही घाई वाटते. पण पाव चमचाच म्हणताय तर… दुपारी नको, सकाळीच दे बाई.

शेखर_बाबा
आणि घरात कोणीतरी दुसरं माणूस हवं. एकटीनं नका देऊ.