मदत हवी आहे: ‘-ताना’वाल्या तुकड्याला काय म्हणायचं?

मराठी वाक्यरचनेवर टिपण लिहितेय, एका ठिकाणी अडलेय. ‘गाडी उलटली असं मी पाहिलं’ यात प्रश्न नाही: आत काळ दाखवणारं क्रियापद आहे, ‘असं’ने जोडलंय आणि ‘पाहिलं’ नपुंसकलिंगीच राहतं. म्हणजे पूर्ण उपवाक्य. पण ‘मी गाडी उलटताना पाहिली’ घ्या. इथे काळ नाही, ‘की’ किंवा ‘असं’ लागत नाही आणि ‘पाहिली’ थेट गाडीशी जुळतं.

मग ‘गाडी उलटताना’ हे मिळून एक लघुवाक्य, की ‘गाडी’ हे मुख्य क्रियापदाचं कर्म आणि ‘उलटताना’ नुसतं क्रियाविशेषण? ‘आपला’ सहसा कर्त्याकडे बोट दाखवतो, म्हणून त्याची कसोटी लावली: ‘मी तिला आपल्या खोलीत रडताना पाहिलं’. खोली तिचीही असू शकते, म्हणजे ‘रडताना’ला स्वतःचा कर्ता आहे. पण तो क्रियाविशेषणातही अध्याहृत असतोच, त्यामुळे निकाल लागत नाही.

वाक्प्रचारावर जरा भरवसा वाटतो. ‘इथे कुणाची डाळ शिजताना मी पाहिली नाही’ यात डाळ कुणी खरोखर पाहत नाही. लाक्षणिक अर्थ तुमच्या कानाला टिकतो का? टिकला तर लघुवाक्याचं पारडं जड. विदर्भ-कोकणातल्यांनी जरूर सांगा. आणखी एखादी कसोटी आहे का?