उत्तर: मेव्हण्याच्या नावावरचा फ्लॅट

> "फ्लॅटचे सगळे पैसे मी दिले, कागद मेव्हण्याच्या नावावर. आता तो हात वर करतोय. दावा लावू का?"

दावा टिकणार नाही. बेनामी व्यवहार प्रतिबंध कायद्याचं कलम 4 पैसे देणाऱ्याला 'खरा मालक मीच' असा दावाच करू देत नाही. बँकेचा उतारा कितीही स्वच्छ असो.

पत्नी किंवा मुलांच्या नावावर, ज्ञात उत्पन्नातून घेतलेली मालमत्ता बेनामी ठरत नाही. सख्ख्या भावंडांच्या बाबतीत कागदावर तुमचंही नाव सहमालक म्हणून लागतं. बायकोचा भाऊ या यादीत कुठेच नाही.

कायद्याचा संशय उघड आहे: परक्या नावाआड काळा पैसा लपवता येतो, घेणेकऱ्यांना चुकवता येतं. म्हणून तो लपवणाऱ्याला मदतच करत नाही. मेव्हणा उद्या विरघळला तरी त्याने तुम्हाला परत करून दिलेलं खरेदीखत कलम 6 नुसार रद्दबातल.

शिवाय दाव्यात 'पैसे माझे, नाव त्याचं' लिहिलंत की तो तुमचाच कबुलीजबाब. आयकर खात्याने धागा पकडला तर नोटीस, तात्पुरती जप्ती आणि शेवटी फ्लॅट सरकारजमा, तोही भरपाईशिवाय. 1 नोव्हेंबर 2016 नंतरचा व्यवहार असेल तर 1 ते 7 वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड. 60 लाखांच्या फ्लॅटवर 15 लाख. मेव्हण्यालाही हीच शिक्षा होऊ शकते.

रक्कम खरोखर उसनी दिली असेल आणि तेव्हाचा पुरावा असेल, तर वसुलीचा दावा वेगळा. आता मागच्या तारखेचा करारनामा मात्र बनवू नका.