मदत हवी आहे: सेल्सच्या हिंदी-इंग्रजी चॅटवरून उद्यापर्यंत इंग्रजी प्रपोजल करायचंय

मेहरूणकर, रात्री 8:40
ऑफिसात त्यातल्या त्यात माझं इंग्रजी बरं, म्हणून हे माझ्या गळ्यात आलंय. सेल्सच्या तिघांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. दोघं बऱ्हाणपूरकडचे, त्यामुळे हिंदी, मधे मधे इंग्रजी, सगळं रोमनमध्ये टाइप केलेलं. त्यावरून पार्टीला प्रपोजल द्यायचंय, उद्या अकराच्या आत. ओळीला ओळ लावून भाषांतर केलं तर सहा पानं झाली आणि ती मलाच वाचवेनात. कुणाकडे चांगला फॉरमॅट असेल तर टाका ना पटकन.

भुसावळ_जंक्शन
विकताय काय ते तर सांगा. मॅट, पाइप, डाळ मिलची मशिनरी? जळगाव एमआयडीसीत सगळंच बनतं.

मेहरूणकर
ठिबक. 25 एकर केळी, रावेरकडे. मला वाटलं कळेल.

सर_अमळनेर
मी 31 वर्षं इंग्रजी शिकवलं. सर्वप्रथम भाषा औपचारिक हवी. 'वी विल गिव्ह' ऐवजी सगळीकडे 'शॅल बी सप्लाइड' लिहा. दुसरं, एकाच माणसाला कधी पार्टी, कधी यू, कधी कस्टमर म्हणू नका. पहिल्या परिच्छेदात 'द क्लायंट' ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

जुना_टेंडरवाला
सरांचं दुसरं वाक्य सोन्यासारखं, पहिलं महागात पडेल. चॅटमध्ये पोरगा 'हो जाएगा' म्हणतो तेव्हा तो फक्त आशा दाखवतो. त्याचं 'शॅल' केलं की कंपनी बांधली गेली.
ताई, फॉरमॅट नंतर. ग्रुपवर फक्त तुमचीच माणसं आहेत की पार्टीचंही कोणी आहे? आणि पार्टीने स्वतः लिहून काही दिलंय का?

मेहरूणकर
फक्त आमची माणसं. पार्टी हैदराबादची कंपनी आहे, त्यांचा एक दोन ओळींचा मेल आहे, 'प्लीज सेंड युअर बेस्ट प्रपोजल'. बाकी सगळं फोनवर.

जुना_टेंडरवाला
मग चॅटमधली एकही ओळ पार्टीने कबूल केलेली नाही, तुमच्या माणसांना फोनवर काय ऐकू आलं एवढंच त्यात आहे. मुख्य ओळी इथे टाका. नावं नकोत.

मेहरूणकर
देवनागरीत टाकते.
– परसों पार्टी से बात, 6 फुट लाइन, 16 एमएम, 4 लीटर वाला, आधा मीटर पे
– 25 एकर का 66 हजार मीटर पकड़ो
– रेट साढ़े चौदह, तेरह तक छोड़ देंगे, अभी मत बोलना
– ट्रेंच उनका, फिटिंग अपना, फिल्टर आपका
– माल 25-30 दिन में हो जाएगा
– सब्सिडी का देख लेंगे

तापीकाठ
सब्सिडीला आधी ऑनलाइन अर्ज करा. केंद्राच्या योजनेत अल्प-अत्यल्प भूधारकाला 55 टक्के, बाकीच्यांना 45. माझं स्वतःचं मागच्या वर्षीचं अडकलंय, कुणाला विचारावं?

भुसावळ_जंक्शन
भो, ती अर्ज करायला नाही आली.

जुना_टेंडरवाला
पण मुद्दा कामाचा आहे. केंद्राच्या योजनेत एका लाभार्थ्याला 5 हेक्टरची मर्यादा असते. 25 एकर म्हणजे 10 हेक्टरच्या वर, आणि पार्टी कंपनी. 'देख लेंगे'चं इंग्रजी 'वी विल असिस्ट' झालं, तर उद्या ते सब्सिडी वजा करून पैसे देतो म्हणतील. सरळ लिहा: किंमत सब्सिडी न धरता आहे.
आता मीटर. एक एकर 43,560 चौरस फूट. ओळी 6 फुटांवर असतील तर एकरी 7,260 फूट नळी, म्हणजे साधारण 2,213 मीटर. 25 एकराला 55 हजारांच्या थोडं वर. 66 हजार येतात ते 5 फुटांवर. साडेचौदाच्या दराने हा फरक एक लाख साठ हजारांचा आहे. नुसतं भाषांतर केलं असतं तर दोन्ही आकडे एकाच प्रपोजलमध्ये गेले असते. 66 चा मेसेज आधीचा की नंतरचा?

मेहरूणकर
66 चा तीन दिवस आधीचा! मी विषयवार लावताना खाली घेतला.

जुना_टेंडरवाला
तारीख काढून विषयवार लावलं की हे होणारच. तसंच 'परसों'. हिंदीत ते गेलेलंही असतं आणि येणारंही, आणि या वाक्यात क्रियापदच नाही. पार्टी 6 फूट म्हणालीय, की बोलणं व्हायचंय? फोन करा.
तेराची ओळ तर त्या फाइलमध्येच ठेवू नका. कोरी फाइल घ्या आणि पक्कं ठरलेलं तेवढंच तिच्यात लिहा. मी एकदा खालचा भाव पांढऱ्या रंगात लपवून पाठवला होता. समोरच्याने कॉपी करून एक्सेलमध्ये टाकला, सगळं उघडं.

धुळेकर_दादा
एवढा खटाटोप कशाला? आम्ही मागचं प्रपोजल उघडतो, नाव बदलतो, पाठवतो. दहा मिनिटं.

भुसावळ_जंक्शन
आणि तिसऱ्या पानावर मागच्या पार्टीचं नाव तसंच राहतं.

धुळेकर_दादा
एकदाच झालं होतं.

मेहरूणकर, रात्री 10:05
फोन झाला. बोलणं झालेलं आहे, 6 फूटच, 66 चुकीचे. पण 'फिल्टर आपका'मध्ये घोळ आहे. मी 'क्लायंट्स स्कोप' लिहिलं होतं. एक म्हणतो रोमनमध्ये एनच्या जागी के पडला, त्याला 'अपना' म्हणायचं होतं. दुसरा म्हणतो नाही, पार्टीच्या विहिरीवर जुना सँड फिल्टर आहे, तोच वापरायचा. त्याबद्दल एक व्हॉइस नोटही होती, पण मी चॅट एक्सपोर्ट केली त्यात नुसतं `<Media omitted>` आलंय.

जुना_टेंडरवाला
मीडियाशिवाय एक्सपोर्ट केलं की तसंच येतं. ती नोट ग्रुपवर जाऊन ऐका.
तोवर हिशेब बघा. 55 हजार मीटरवर अर्ध्या मीटरला एक ड्रिपर, ताशी 4 लिटर. एका वेळी अडीच एकरच चालवलं तरी ताशी 44 हजार लिटर पाणी फिल्टरमधून जाणार. जुना तेवढा आहे का?

मेहरूणकर
ऐकली. 'तीस का है' म्हणतो.

जुना_टेंडरवाला
ताशी 30 घनमीटर, म्हणजे 30 हजार लिटर असेल तर पुरत नाही. एक तर ब्लॉक लहान करा, नाही तर नवा फिल्टर द्या. हे डिझाइनवाल्याचं काम, तुम्ही ठरवू नका. प्रपोजलमध्ये फिल्टर वेगळी ओळ, वेगळी किंमत, 'ऑप्शनल'. आणि गृहीतकांत एक वाक्य: जुन्या फिल्टरची क्षमता क्लायंटने लेखी कळवावी.
मुदतीचं असं लिहा: अॅडव्हान्स आणि मंजूर नकाशा मिळाल्यापासून 30 दिवस. 25-30 लिहिलं की समोरचा 25 वाचतो, आणि कधीपासून ते चॅटमध्ये नाहीच.

सर_अमळनेर
येथे 'शॅल' चालेल की नाही?

जुना_टेंडरवाला
इथे चालेल, सर. इथे मालकाने होकार दिला की मगच.

मेहरूणकर, रात्री 11:20
सहाची दोन पानं झाली. आधी त्यांची गरज चार ओळींत, मग आपण काय देणार, मग त्यांनी काय करायचं (ट्रेंच तिथेच), मग किंमत, मुदत, गृहीतकं. मालक झोपलेत, 30 दिवसांचा होकार सकाळीच मिळेल. फिल्टरची किंमत अजून रिकामी आहे, डिझाइनवाला फोन उचलत नाही.

भुसावळ_जंक्शन
लग्नसराई आहे, भरीत-पुरीच्या पंगतीत असेल. सकाळी सातला लावा.

तापीकाठ
माझ्या अर्जाचं कुणी सांगेल का?