हळदीकुंकू नक्की कुठल्या रविवारी?

ए-४०२ : रविवारी नक्की ना गं? वाण आणायला जांभळी नाक्यावर निघालेय.

सी-७०३ : हो, १८ लाच. मी नणंदेलाही बोलावलंय.

डी-२०५ : अगं, १८ ला अमावास्या आहे! मी सकाळीच लिहिलं होतं.

बी-१०१ : दहा मिनिटं कुणी काही लिहू नका, प्लीज. मी सगळं वरपासून वाचते.

बी-१०१ : वाचलं. पहिला मेसेज १८ चा होता आणि त्याखाली भराभर ‘चालेल’ आले. मग डी-२०५ च्या काकूंनी अमावास्येचं सांगितलं आणि २५ सुचवली, त्यावरही ‘चालेल’ आले. दोन्ही रविवारच, त्यामुळे कुणाचं ‘चालेल’ कशाला होतं ते कळेना. म्हणून मी अमावास्येच्या मेसेजनंतरचेच होकार धरले. २५ ला रथसप्तमी आहे, म्हणजे हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, आणि त्या तारखेला कुणीही नाही म्हटलेलं नाही.

वेळ आणि जागा ठरायची राहिलीय. वेळेला काही जणी पाच म्हणतात, काही साडेसहा; जागेला गच्ची सुचवलीय. गच्चीवर जायला शेवटचा मजला जिन्याने चढावा लागतो, ते आज्यांना जमणार नाही. क्लबहाउस मोकळं आहे का, हे मात्र कुणी विचारलेलंच दिसत नाही. सेक्रेटरी काका?

सेक्रेटरी : २५ ला दुपारी तिथे एक वाढदिवस आहे. साडेपाचला हॉल रिकामा होईल. सहापासून तुमच्या नावावर लिहून ठेवतो.

बी-१०१ : म्हणजे पाचची वेळ आपोआपच बाद. साडेसहावाल्यांनो, सहा जमेल?

ए-४०२ : जमेल.

सी-७०३ : जमेल. नणंदेला आत्ताच कळवते.

बी-१०१ :
*हळदीकुंकू – ठरलेलं*
*दिवस : रविवार, २५ जानेवारी २०२६ (रथसप्तमी)*
*वेळ : संध्याकाळी ६ ते ८*
*जागा : आपलं क्लबहाउस, तळमजला*
*१८ तारीख, पाचची वेळ आणि गच्ची हे तिन्ही रद्द. येताना कुंकवाचा करंडा आणा. अडचण असेल तर आज रात्री नऊपर्यंत मला फोन करा.*

डी-२०५ : ‘रद्द’ लिहिलंस ते छान केलंस. नाहीतर कुणीतरी वरचं १८ वाचून तयार होऊन बसलं असतं.

ए-४०२ : अॅडमिन, हा मेसेज ३० दिवसांसाठी पिन करा ना. सात दिवसांचा ठेवला तर २५ च्या आधीच निघून जाईल.

सेक्रेटरी : केला. वेळ बदलली तर यातच दुरुस्त करायची का?

बी-१०१ : नको काका. पंधरा मिनिटांनंतर मेसेज एडिट होत नाही, आणि झाला तरी नवीन नोटिफिकेशन जात नाही. ज्यांनी आधीच वाचलाय त्यांना बदल कळणारच नाही. काही बदललं तर दिवस, वेळ, जागा असा पूर्ण मेसेज मी पुन्हा टाकेन आणि हा पिनमधून काढू. नुसतं ‘साडेसहा केलंय’ असं खाली कुणी लिहू नका.