निबंधाची सुरुवात: सुविचार, प्रश्न की मानशीचं दार?

फोंड्याची आई
मुलगी नववीत, मराठी माध्यम. 'आमच्या गावातील शेती' यावर 250 शब्दांचा निबंध लिहायचा होता. तिने सुरुवात अशी केली: "भारत हा कृषिप्रधान देश आहे. शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे. गोव्यातही पूर्वापार शेती केली जाते. पण आज शेतीकडे सर्वांचे दुर्लक्ष होत आहे. म्हणून शेती वाचवणे ही काळाची गरज आहे." बाईंनी लाल शाईने 'सुरुवात पकड घेत नाही' एवढंच लिहिलं. शिकवणीचे सर म्हणतात, वर एक सुविचार टाक, झालं. पकड घेणं म्हणजे नक्की काय? आणि ते नववीच्या मुलीला जमण्यासारखं आहे का?

शिकवणीवाला, म्हापसा
तुमच्या सरांशी मी सहमत आहे. पेपर तपासणाऱ्यासमोर गठ्ठा असतो. पहिल्या दोन ओळींत त्याला दिसलं पाहिजे की मुलीला विषय कळला आहे आणि तिचं वाचन आहे. चार ओळींची कविता किंवा सुविचार हे काम लगेच करतो. मी मुलांकडून विषयवार वीस-पंचवीस अवतरणं पाठ करून घेतो: शेती, पर्यावरण, आई, शिस्त, वेळ. परीक्षेत घाबरलेल्या मुलाला हातात काहीतरी लागतं. कोरा कागद बघून दहा मिनिटं वाया घालवण्यापेक्षा ते बरं.

निवृत्त मास्तर, डिचोली
मी बरीच वर्षं मराठी शिकवलं, पेपरही तपासले. गठ्ठा असतो हे खरं, आणि अडचण तिथेच आहे. एकाच शिकवणीची मुलं एकाच केंद्रावर बसतात. एकच सुविचार सलग सात-आठ पेपरांत आला की आठव्याला मी तो वाचत नाही, डोळे आपोआप खाली सरकतात. मग त्या मुलाचा निबंध माझ्यासाठी दुसऱ्या परिच्छेदापासून सुरू होतो.

ताई, तुमच्या मुलीच्या त्या पाच वाक्यांत भाषेची एकही चूक नाही. पण शीर्षक झाकून वाचून बघा. हा परिच्छेद सासष्टीतल्या मुलाच्या निबंधावर चालेल, विदर्भातल्या मुलाच्याही चालेल. तिच्या गावाचं त्यात काहीच नाही. शिवाय 'काळाची गरज' हा निष्कर्ष पाचव्या वाक्यातच सांगून झाला, मग मी पुढे कशासाठी वाचू?

तिने दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात काय लिहिलंय ते इथे टाकाल का? मुलांची खरी सुरुवात बहुतेक वेळा तिथेच दडलेली असते. पहिला परिच्छेद लिहिताना हात गरम होत असतो.

फोंड्याची आई
तिसऱ्या परिच्छेदात हे आहे: "आमचे गाव जुवारी नदीच्या काठी आहे. आमची शेती खाजन शेती आहे. पूर्वी आजोबा रात्री मानशीचे दार बघायला जात असत. आता आमचे शेत पडीक आहे." त्यानंतर सरकारी योजना, आणि तरुणांनी शेतीकडे वळावे असं.

निवृत्त मास्तर, डिचोली
मग तिची सुरुवात तिसऱ्या वाक्यातच आहे. आजोबा रात्री दार बघायला जात. का जात? वाचणाऱ्याच्या मनात हा प्रश्न उभा राहिला, म्हणजे पकड बसली. त्यासाठी आरडाओरडा लागत नाही.

तिला आधी घरी विचारायला लावा की आजोबा जाऊन नक्की करायचे काय. ते कळल्याशिवाय चित्र काढता येणार नाही.

खाजनकार
मी सांगतो, आमचंही खाजन आहे, म्हणजे खाऱ्या नदीकाठी बांध घालून राखलेलं शेत. मानस म्हणजे त्या बांधातली पाण्याची वाट, तिची लाकडी दारं स्वतःच उघडतात, स्वतःच मिटतात. ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलतं, दार उघडतं. भरतीला नदीचं पाणी बाहेरून दाबतं, दार मिटतं, खारं पाणी शेतात येत नाही. पण वाहत आलेला ओंडका किंवा नारळाची झावळी दारात अडकली की ते पुरतं मिटत नाही. उधाणाच्या भरतीला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, तेवढी फटही पुरते. कोरगुट भात खारटपणा बराच सोसतं, पण त्यालाही मर्यादा आहे. म्हणून जाणती माणसं रात्री फेरी मारायची. काही ठिकाणी मासळीसाठी दारं मुद्दाम उघडी ठेवतात, त्यावरून गावात भांडणं होतात. आमचं शेत त्यातच गेलं. बांध दोनदा भरून घेतला, खर्च आमचाच. या विषयावर निबंध लिहिण्यापेक्षा पंचायतीला अर्ज लिहायला शिकवा मुलांना.

स्टेजवरचा
सुरुवात दणक्यात हवी! माझ्या भाच्याला मी वक्तृत्व स्पर्धेसाठी तयार केलं. आधी श्लोक खड्या आवाजात, मग दोन सेकंद थांबायचं, मग 'सन्माननीय परीक्षकहो'. पहिला नंबर आला.

निवृत्त मास्तर, डिचोली
ते भाषणाला बरोबर आहे. सभागृहात लोक खुर्च्या सरकवत असतात, बोलत असतात. पहिलं अर्धं मिनिट त्यांचं शांत होण्यातच जातं, तेवढा वेळ श्लोक भरून काढतो. वाचणारा मात्र आधीच शांत बसलेला असतो, पहिल्या शब्दापासून त्याचं लक्ष तुमचंच असतं. तिथे घसा साफ करायला जागा नाही.

साखळीची वाचक
माझ्या मते सर्वात सोपी युक्ती म्हणजे प्रश्नाने सुरुवात. 'तुम्ही कधी शेतात गेला आहात का?' असं विचारलं की वाचक गुंततो. आम्हाला शाळेत हेच शिकवलं होतं.

निवृत्त मास्तर, डिचोली
प्रश्नाची वाट चुकीची नाही. पण ज्या प्रश्नाला वाचक मनात 'हो' किंवा 'नाही' म्हणून मोकळा होतो, तो तिथेच संपतो. 'गेलो आहे की. मग?' 'त्या रात्री मानशीचं दार कोणी उघडं ठेवलं?' याचं उत्तर वाचकाकडे नाही, लिहिणारीकडे आहे. त्याला पुढे वाचावंच लागेल. प्रश्नचिन्ह न टाकता नुसता प्रसंग सांगूनही असा प्रश्न जागा करता येतो, आणि मला ते जास्त आवडतं.

फोंड्याची आई
आजीला विचारलं. खाजनकारांनी सांगितलं तसंच निघालं, ओंडक्यासाठीच जायचे. मुलीने लगेच नवीन लिहिलं: "धो धो पाऊस कोसळत होता. विजा कडाडत होत्या. किर्र अंधारात आजोबा जीव मुठीत धरून धावत सुटले! आणि तेवढ्यात... धडाम!" मला वाचताना मजा आली, पण आजी म्हणाली, तो कधी धावला नाही, टॉर्च घेऊन हळूहळू जायचा.

शिकवणीवाला, म्हापसा
बघा, म्हणूनच मी प्रसंगाच्या वाटेला जाऊ देत नाही. निबंध वैचारिक आहे आणि ही गोष्ट झाली. तपासणारा विचारणार, शेती कुठे आहे? चार वाक्यं संपली तरी विषय नाही.

निवृत्त मास्तर, डिचोली
सरांचं हे म्हणणं मला मान्य आहे. प्रसंग तिसऱ्या, फार तर चौथ्या वाक्यात विषयाला भिडला पाहिजे. भिडला की नाही हे ओळखायची माझी खूण साधी आहे. दुसरा परिच्छेद सुरू करताना 'असो' किंवा 'आता मूळ विषयाकडे वळू' लिहावंसं वाटलं, तर पहिला परिच्छेद निबंधाचा नाही, वरून चिकटवलेला आहे.

आणि आजी म्हणतात तेच लिहायला सांगा. पाऊस, विजा, धडाम हे सगळ्या मुलांकडे असतं. टॉर्च घेऊन हळूहळू जाणारा म्हातारा फक्त तुमच्या घरी आहे.

फोंड्याची आई
काल रात्रीचा तिसरा खर्डा: "माझे आजोबा भरतीच्या रात्री टॉर्च घेऊन मानशीवर जात. दारात ओंडका अडकला तर ते मिटणार नाही आणि खारे पाणी भातात शिरेल, अशी त्यांना काळजी असे. आजोबा गेल्यावर रात्री तिथे कोणी गेले नाही. आज आमच्या कोरगुटाच्या शेतात खारफुटी उभी आहे, आणि चूक कोणाची हे घरात कोणी बोलत नाही."

साखळीची वाचक
शेवटचं वाक्य वाचून मी थांबले. मला पुढचा निबंध वाचायचाय.

खाजनकार
आमच्या घरीही कोणी बोलत नाही.

निवृत्त मास्तर, डिचोली
सुंदर. 'दार', 'टॉर्च', 'ओंडका', 'खारफुटी', चारही डोळ्यांना दिसतात. विशेषण जवळजवळ नाहीच, आणि चौथ्या वाक्यात शेत आलं.

आता पुढची अडचण. 'चूक कोणाची' असं म्हटल्यावर वाचक त्याचं उत्तर शोधत खाली येणार. तिथे सरकारी योजना आणि तरुणांना आवाहन भेटलं तर त्याला फसवल्यासारखं वाटेल. सुरुवातीने जे कबूल केलं ते निबंधाने द्यायला हवं. तिच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, ते वाक्य 'शेतात खारफुटी उभी आहे' इथेच तोडायचं आणि जुना निबंध थोडा फिरवून ठेवायचा. दुसरी, वाक्य ठेवायचं आणि मधले परिच्छेद नव्याने लिहायचे: रात्री जायला माणूस का उरला नाही, बाबा नोकरीला कुठे जातात, एकट्या घराने दार राखून भागतं का, की शेजाऱ्यांनीही राखावं लागतं. शेवटच्या परिच्छेदात पुन्हा एकदा मानशीवर यावं, पण तेच वाक्य परत लिहू नये.

शिकवणीवाला, म्हापसा
घरी बसून तीन खर्डे काढले म्हणून हे झालं. परीक्षेत काय करणार? तिथे तिसऱ्या परिच्छेदात सुरुवात सापडली तर ती वर कशी नेणार?

निवृत्त मास्तर, डिचोली
मी मुलांना वर पाच-सहा ओळी कोऱ्या सोडून मधूनच लिहायला सांगायचो. निबंध झाला की वर येऊन सुरुवात भरायची.

शिकवणीवाला, म्हापसा
माझ्या एका विद्यार्थिनीने हेच केलं होतं. घंटा झाली, ओळी कोऱ्याच राहिल्या. निबंधाला डोकंच नाही. त्यापेक्षा सुविचार परवडला असता.

निवृत्त मास्तर, डिचोली
हा धोका आहे, नाकारत नाही. हळू लिहिणाऱ्या मुलांना मी ते सांगत नसे. त्यांना मागच्या पानावर कच्च्यात एकच गोष्ट लिहायला लावायचो: या विषयाचं मी स्वतः डोळ्यांनी काय पाहिलंय? दोन मिनिटं. जे येईल त्यावर पहिलं वाक्य. काही मुलांना दोन मिनिटांत काहीच सुचत नाही, त्यांच्यासाठी माझ्याकडेही चांगला उपाय नव्हता.

साखळीची वाचक
आणि विषयच असा आला की मुलाने तो पाहिलेलाच नाही, तर? 'अंतराळ संशोधन' वगैरे. तिथे प्रसंग खोटा रचायचा का?

शिकवणीवाला, म्हापसा
तिथे माझं अवतरणच कामाला येतं.

निवृत्त मास्तर, डिचोली
तिथे अवतरण चालेल, पण पुढच्याच वाक्यात त्याच्याशी भांडायचं किंवा ते पुढे न्यायचं. नुसतं टांगून ठेवायचं नाही. खोटा प्रसंग मात्र नको. वर विजा कडाडल्या तेव्हा आजीने पकडलंच ना.

फोंड्याची आई
मुलीने दुसरी वाट धरलीय. योजनांचा परिच्छेद खोडला. काल बाबांना विचारत होती की तुम्ही का नाही गेलात मानशीवर. ते आधी गप्प बसले, मग म्हणाले, दुसऱ्या दिवशी पहाटेची शिफ्ट असायची. तिने ते लिहिलंय. आता ते शाळेत द्यायचं की नाही, यावर घरात अजून ठरलेलं नाही.